तिरक्या अक्षराचा हट्ट

‘पंच्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन 2022 साली उदगीर येथे झाले’ या वाक्यात ‘उदगीर’वर भर द्यायचा आहे. संगणकावर बसलेला माणूस शब्द निवडतो आणि तिरप्या ‘I’चे बटण दाबतो. शब्द तिरपा होतो खरा, पण ते इटॅलिक नव्हे. रोमन लिपीतले इटॅलिक 1501 च्या सुमारास व्हेनिसमध्ये आल्डस मनुटियसच्या छापखान्यात आले, तेव्हा त्याचे खिळे हाताच्या जलद वळणावरून वेगळे कोरले होते. देवनागरीच्या बहुतेक फॉन्टांत असा वेगळा संच नसतो. संगणक उभी अक्षरेच ढकलून कलती करतो.

यात काय बिघडते, ते मोजता येते. अक्षर बारा पॉइंटांचे आणि कल 14 अंशांचा धरा. शिरोरेषा तळापासून सुमारे 8 पॉइंट वर असते, म्हणजे ती 2 पॉइंट उजवीकडे सरकते. शब्दांमधली जागा जेमतेम 3 पॉइंटांची असते. त्यामुळे ‘उदगीर’ची शिरोरेषा ‘येथे’च्या शिरोरेषेला जवळपास टेकते आणि डावीकडे मात्र भगदाड पडते. मराठी वाचक शब्द कुठे संपला हे शिरोरेषा तुटते तिथे ओळखतो. नेमकी तीच खूण इथे पुसट होते.

अक्षरे विरळ करावीत, असे कोणी सुचवेल. जुन्या जर्मन छपाईत ही रीत होती, पण तिथली अक्षरे सुटी असतात. आपल्याकडे एकतर शिरोरेषेचे तुकडे पडतात किंवा काना-मात्रा अक्षरापासून दुरावतात. मोडी ही आपली जलद लिपी होतीच, मग तीच इटॅलिकच्या जागी का नको? कल्पना मोहक आहे. पण भर दिलेला शब्दच वाचकाला लागला नाही, तर भर कसला?

उरतो ठळकपणा. तो ओरडतो, हा आक्षेप खरा आहे. पण दोष प्रमाणाचा आहे. ‘एक टाइप’ या फाउंड्रीच्या ‘मुक्त’सारख्या फॉन्टात सात जाड्या आहेत. मजकूर 400 वर असेल तर भरासाठी 600 पुरते. 800 वर गेलात की लहान आकारात ‘ध’, ‘क्ष’ यांच्या पोटातली पांढरी जागा भरत जाते आणि अक्षर डागासारखे दिसते.

रंगाला तर आपलीच परंपरा आहे: हस्तलिखित पोथ्यांत दंड, ‘उवाच’, अध्यायसमाप्ती लाल शाईने लिहीत. मात्र काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये लाल करडा होतो, म्हणून पत्रिकेत किंवा सरकारी कागदात एकट्या रंगावर विसंबू नये. पुस्तकाच्या नावाला तर यातले काहीच नको. एकेरी अवतरणचिन्ह पुरते. बाकी ठिकाणी जाडी एक-दोन पायऱ्या वाढवा आणि तिरप्या बटणाला हात लावू नका.