ॲपला खात्यातून किती काढता येईल, हे कोण ठरवतं?

ब्रिटनमध्ये २०२२ पासून मोठ्या बँकांना एक सोय द्यावी लागते. ग्राहकाने एकदा संमती दिली की दुसऱ्या कंपनीचं ॲप त्याच्या चालू खात्यातले पैसे त्याच्याच बचत खात्यात परस्पर वळवू शकतं. रक्कम दर वेळी वेगळी असू शकते आणि दर वेळी पासवर्डही लागत नाही. हे ऐकल्यावर भीती वाटणं साहजिक आहे. त्या भीतीला आवर घालण्याचं काम संमतीच्या स्क्रीनवरचे चार-पाच आकडे करतात.

लीड्समध्ये नोकरी करणारी एखादी नर्स २१ जूनला असं बचतीचं ॲप सुरू करते असं धरू. ॲप तिला अटी दाखवतं: पैसे जातील ते तिचं अमुक बचत खातं, एका वेळी जास्तीत जास्त १०० पौंड, महिन्याला जास्तीत जास्त ३०० पौंड, मुदत पुढच्या वर्षीच्या ३१ मेपर्यंत. ती 'पुढे' दाबते. ॲप या अटी तिच्या बँकेकडे नोंदवतं आणि तिला बँकेच्या ॲपमध्ये पाठवतं. तिथे बँक आपल्याकडे नोंदलेल्या त्याच अटी तिला पुन्हा दाखवते. ती चेहरा किंवा बोट दाखवून मान्यता देते. बँकेचा पासवर्ड बचतीच्या ॲपला कधी कळतच नाही.

इथून पुढे या अटी म्हणजे ॲपने दिलेला नुसता शब्द उरत नाही. पैसे काढण्याच्या प्रत्येक विनंतीसोबत ॲपला त्या संमतीचा क्रमांक द्यावा लागतो आणि बँक ती विनंती नोंदलेल्या अटींशी ताडून बघते. १०१ पौंड मागितले, तर नकार. पैसे दुसऱ्याच खात्यात पाठवायला सांगितले, तरी नकार. मर्यादा वाढवायची असेल तर ॲप जुन्या संमतीतला आकडा बदलू शकत नाही. नवी संमती मागावी लागते आणि नर्सला पुन्हा बँकेच्या ॲपमध्ये जाऊन मान्यता द्यावी लागते.

महिन्याच्या मर्यादेत मात्र एक खोच आहे. महिना मोजायचा कुठून? संमतीत दोनपैकी एक पद्धत ठरलेली असते. कॅलेंडरचा महिना धरला, तर पहिल्या अर्धवट महिन्याची मर्यादा उरलेल्या दिवसांच्या प्रमाणात कमी होते. २१ ते ३० जून हे दहा दिवस. म्हणून जूनमध्ये ३०० नव्हे, १०० पौंडच काढता येतात. जुलैपासून पूर्ण ३००. म्हणजे ३१ मेपर्यंत अगदी टोकाचा हिशेब १०० अधिक अकरा महिन्यांचे ३,३००, एकूण ३,४०० पौंड. संमतीच्या तारखेपासून महिना धरला, तर तो २१ तारखेला सुरू होऊन पुढच्या २० तारखेला संपतो. मग ॲप २० जुलैला ३०० आणि २१ जुलैला आणखी ३०० काढू शकतं आणि ते पूर्णपणे नियमात बसतं. दिवसाची वेगळी मर्यादा घातली नसेल, तर एकाच दिवशी शंभराचे तीन हप्ते निघायलाही आडकाठी नाही. म्हणून स्क्रीन वाचताना 'ॲप साधारण किती काढेल' याचा विचार करू नये. 'सगळ्यात जास्त किती काढू शकेल' हे मोजावं आणि पगार, भाडं यांच्या तारखांशी लावून बघावं.

मुदतीची तारीख तर सक्तीचीही नाही. ती नसेल, तर कुणी रद्द करेपर्यंत संमती चालूच राहते. मला हा सगळ्यात दुबळा दुवा वाटतो, कारण न लिहिलेली गोष्ट वाचणाऱ्याच्या डोळ्यांत भरत नाही.

आणखी एक घोटाळा नेहमी होतो. पैसे वळवण्याची संमती म्हणजे खातं बघण्याची परवानगी नव्हे. पहिल्या संमतीवर ॲप बँकेला फार तर 'इतके पैसे आहेत का' असं विचारू शकतं आणि उत्तर हो किंवा नाही एवढंच मिळतं. शिल्लक आणि व्यवहार वाचायला वेगळी संमती लागते आणि ती चालू ठेवायची आहे का, हे ॲपने दर ९० दिवसांनी ग्राहकाला विचारायचं असतं. बचतीची ॲपं बहुधा दोन्ही घेतात. म्हणून एक संमती रद्द केली तरी दुसरी चालू असू शकते.

फोनमधून ॲप काढून टाकलं, तर दोन्हीही संपत नाहीत. संमती बँकेच्या नोंदीत असते, फोनमध्ये नसते. ती ॲपमधून रद्द करता येते किंवा थेट बँकेच्या ॲपमध्ये, जोडलेल्या कंपन्यांच्या यादीत जाऊन. बँकेतून रद्द केली की त्यानंतरची प्रत्येक विनंती परत फिरते. आधीच निघून गेलेला हप्ता मात्र थांबत नाही, कारण ब्रिटनमधली ही देवाणघेवाण सहसा काही सेकंदांत पुरी होते. तो हप्ता नर्सच्याच बचत खात्यात पडलेला असतो. तिथून तो तिला स्वतःलाच परत वळवून घ्यावा लागतो.