तिरप्या अक्षराची एकच दिशा

संगणकावर मराठी मजकूर निवडून तिरप्या अक्षरांचे बटण दाबा आणि ‘म’कडे नीट पाहा. त्याची उभी काठी उजवीकडे कलते. शिरोरेषा मात्र आडवी ती आडवीच राहते. बऱ्याच देवनागरी फाँटांत तिरपी अक्षरे वेगळी आखलेली नसतात. अशा वेळी संगणक सरळ अक्षर घेतो आणि त्याचा प्रत्येक बिंदू उंचीच्या प्रमाणात बाजूला सरकवतो. वेबपानांसाठी या कलाचे ठरलेले माप १४ अंश आहे, म्हणजे उंचीच्या साधारण पाव पट सरकणे.

सूत्रात लिहायचे तर (x, y) हा बिंदू (x + y/4, y) येथे जातो. अक्षराच्या तळाशी उंची शून्य, तिथे काहीच हलत नाही. आठ एकक उंचीवरचा बिंदू दोन एकक सरकतो. ही कृती चार आकड्यांच्या चौकटीत मांडता येते: वरच्या ओळीत 1 आणि 1/4, खालच्या ओळीत 0 आणि 1. हीच शिअर मॅट्रिक्स.

आता तळाच्या एका बिंदूपासून सगळ्या दिशांना बाण काढले आहेत असे समजा. मॅट्रिक्स लावल्यावर बहुतेक बाण वळतील. जो बाण वळत नाही, आपल्याच रेषेत राहून फार तर लांब किंवा आखूड होतो, त्याला आयगेनव्हेक्टर म्हणतात. तो जितक्या पट बदलतो ते त्याचे आयगेनमूल्य. आडवा बाण शिअरमध्ये जसाच्या तसा राहतो. त्याचे मूल्य 1.

दुसरा असा बाण असेल का? समजा आहे, आणि त्याला थोडी तरी उंची आहे. शिअर उंचीला हात लावत नाही. बाण त्याच रेषेत राहिला आणि उंचीही तीच राहिली, तर तो कणभरही बदलता कामा नये. पण उंची आहे म्हटल्यावर त्याचे टोक पाव पट सरकणारच. म्हणजे असा बाण नाही. सगळ्या दिशांमधून एक आडवी दिशाच उरते.

बहुतेक मॅट्रिक्स इतक्या कंजूष नसतात. 2, 1 आणि खाली 1, 2 अशी मॅट्रिक्स घ्या. ती एका तिरप्या दिशेत सगळे तिप्पट ताणते आणि तिला काटकोनातल्या दिशेत काहीच बदलत नाही. अक्ष या दोन दिशांवर बसवले की मॅट्रिक्सच्या कर्णावर 3 आणि 1 उरतात, बाकी शून्य. यालाच कर्णरूप देणे म्हणतात. त्यासाठी प्रतलात दोन वेगळ्या आयगेनदिशा हव्यात.

शिअरकडे एकच दिशा आहे, पण कर्णरूप का मिळत नाही हे याहून सोप्या रीतीने दिसते. शिअरची दोन्ही आयगेनमूल्ये 1 आहेत. कर्णरूप मिळाले असते, तर त्या अक्षांवर ती दोन्हीकडे एक पट ताणणारी, म्हणजे काहीच न करणारी मॅट्रिक्स ठरली असती. काहीच न करणारी कृती कुठल्याही अक्षांवरून पाहिली तरी काहीच करत नाही. मग ‘म’ कलला कसा?

काटकोनात फिरवणाऱ्या मॅट्रिक्सलाही नेहमीच्या संख्यांमध्ये एकही आयगेनदिशा नसते, पण तिथे काल्पनिक संख्या मदतीला येतात. शिअरला त्यांचाही उपयोग नाही, कारण वरचा युक्तिवाद त्या संख्यांनाही तसाच लागू पडतो. कामी येईल जोर्दां या फ्रेंच गणितज्ञाचा 1870 मध्ये छापलेला मार्ग असा, की कर्णावर आयगेनमूल्ये ठेवायची आणि त्यांच्या शेजारी एक हट्टी 1 राहू द्यायचा. माझ्या मते तडजोड असूनही ती अधिक प्रामाणिक आहे.

तो शेजारचा आकडा काय करतो, ते शिअर पुन्हा पुन्हा लावल्यावर कळते. दर वेळी कलात पाव मिळवला जातो. गुणाकार होत नाही. चार वेळा लावल्यावर उभी काठी 45 अंशांत कलते, चाळीस वेळा लावल्यावर सुमारे 84 अंशांत. आडव्या दिशेकडे ती सरकत राहते, तिथे मात्र कधीच पोहोचत नाही.

संगणक इथे सहज फसवतो. पाव ऐवजी पूर्ण 1 घेऊन पायथॉनला विचारा:

```
import numpy as np
w, P = np.linalg.eig([[1, 1], [0, 1]])
print(w, P)
```

उत्तरात दोन बाण येतात. एक (1, 0), दुसरा सुमारे (-1, 2.2e-16). दुसरा म्हणजे पहिलाच, उलट्या तोंडाचा. त्याची ती नगण्य उंची गणनेतून आलेली आहे. या दोन बाणांना अक्ष मानून मॅट्रिक्स परत बांधली, तर काहीच न करणारी मॅट्रिक्स हाती येते आणि कल नाहीसा होतो. म्हणून मूल्ये सारखी दिसली की बाण जवळजवळ एकाच रेषेत नाहीत ना, हे तपासा आणि मगच पुढचे गणित करा.