शून्याला वळसा

अँटेना फिरवणाऱ्या मोटरला ठरावीक व्होल्टेज दिलं की ती फिरतच राहते आणि कोन वाढत जातो. हे साठत जाणं गणितात s = 0 इथल्या पोलच्या रूपानं दिसतं. आपली मोटर अशी धरू:

G(s) = K / (s(s+1)(s+2))

कोन मोजून फीडबॅक दिला, तर यंत्रणा स्थिर राहील का? स्वीडनमध्ये जन्मलेल्या हॅरी नायक्विस्टनं 1932 साली यासाठी एक रीत दिली. संमिश्र प्रतलाच्या उजव्या अर्ध्या भागाला घड्याळाच्या दिशेनं पूर्ण फेरी मारायची आणि त्या वाटेवर G ची आकृती −1 या बिंदूला त्याच दिशेनं किती वेढे घालते ते मोजायचं. वेढे N, फेरीच्या आत सापडलेले G चे पोल P. मग Z = N + P म्हणजे बंद लूपचे अस्थिर पोल. Z शून्य हवा.

अडचण अशी की ही वाट काल्पनिक अक्षावरून, म्हणजे थेट s = 0 वरून जाते आणि तिथं G अनंत होतो. आकृती तुटते. तुटलेल्या आकृतीचे वेढे मोजणार कसे?

म्हणून शून्यापाशी आल्यावर उजवीकडून एक अगदी छोटं अर्धवर्तुळ घ्यायचं. पोल फेरीबाहेर राहतो, P = 0. या वळशावर G जवळपास K/(2s) इतका असतो. s चा कोन −90° वरून +90° कडे जातो, तेव्हा G चा कोन +90° वरून −90° कडे येतो. म्हणजे s चं इवलंसं अर्धवर्तुळ आकृतीत अवाढव्य होतं आणि उजव्या बाजूनं, घड्याळाच्या दिशेनं फिरतं.

आता K = 4 घेऊ. ω = √2 ला आकृती वास्तव अक्ष −K/6, म्हणजे सुमारे −0.67 ला छेदते. मोठा कंस उजवीकडून जोडला की −1 बाहेर राहतो. N = 0, Z = 0, यंत्रणा स्थिर. K = 10 केला तर छेद −1.67 ला जातो, दोन वेढे पडतात आणि Z = 2 येतो. सीमा K = 6.

चूक होते ती कंसाच्या बाजूची. MATLAB मधली nyquist आज्ञा हा अनंत कंस काढत नाही. आकृतीची दोन्ही टोकं −3 च्या उभ्या रेषेला टेकत वर-खाली निघून जातात, म्हणून हात सहज डावीकडे वळतो. K = 4 ला तसं जोडलं तर उलटा वेढा पडून Z = −1 येतो. पोलची संख्या ऋण असूच शकत नाही, तेव्हा कंस चुकला हे लगेच कळतं. अर्थात वळसा मुद्दाम डावीकडून घेतला असेल तर कंसही डावीकडूनच येतो; पण मग पोल फेरीच्या आत येऊन P = 1 होतो आणि Z पुन्हा शून्यच मिळतो.

छेदात s ऐवजी s² असेल तर कंस 180° ऐवजी 360° फिरतो. पोल ±j2 सारख्या जागी असतील तर तिथंही प्रत्येकी एक वळसा लागतो.