चार मिनिटे पाच सेकंदांवर तो काय म्हणाला?

"कस्टमर खूप घाण बोलला, म्हणून कॉल कट केला." कॉल सेंटरमधल्या कितीतरी तक्रारी या एका ओळीत आटोपतात. त्यातून शिवी कोणती ते कळत नाही, ती रेकॉर्डिंगमध्ये कुठे शोधायची तेही कळत नाही. शिवाय मध्येच कॉल तोडणे हा मोठा दोष मानला जातो. मग चौकशी सुरू होते ती एजंटचीच.

समजा, पुण्यातली एक एजंट इंटरनेट कंपनीचे कॉल घेते. संध्याकाळी ७ वाजून ४२ मिनिटे १० सेकंदांनी कॉल जोडला गेला. ३:१८ वर ग्राहक म्हणतो, "तुमची कंपनी चोर आहे." हा कंपनीवरचा राग, तो ऐकून घ्यावाच लागतो. पण ४:०५ वर तो म्हणतो, "तुझी लायकी भांडी घासायची आहे, भिकारडे." आता रोख तिच्यावर आला. ती ताकीद देते: "सर, मला तुम्हाला मदत करायची आहे, पण अशी भाषा चालू राहिली तर कॉल बंद करावा लागेल." ५:४० वर उत्तर येते, "सुटल्यावर गाठतो तुला." ती दुसऱ्यांदा ताकीद देते. तो थांबत नाही, म्हणून ६:२० वर ती कॉल बंद करते.

अहवालात हे सगळे असेच उतरायला हवे: कॉलचा क्रमांक, रेकॉर्डिंगमधली जागा, त्याचे शब्द आणि तिचे स्वतःचेही शब्द. टिंबे देऊन शिवी झाकू नये. लिहायला संकोच वाटतो हे खरे, पण "अपशब्द वापरले" हा झाला निष्कर्ष. पडताळून पाहता येतात ते शब्द.

वेळ दोन प्रकारे द्यावी. ४:०५ म्हणजे घड्याळात ७:४६:१५. परदेशी ग्राहकांच्या कामात सिस्टीम तिथली वेळ दाखवत असेल, तर भारतीय वेळ वेगळी लिहावी. नाहीतर रेकॉर्डिंग शोधणारा भलत्याच तासात शोधत बसतो.

त्या धमकीची नोंद ठळक हवी, कारण तिथे प्रकरण कंपनीच्या नियमांपुरते उरत नाही. स्त्रीच्या विनयाचा अपमान करण्याच्या हेतूने उच्चारलेले शब्द भारतीय न्याय संहितेच्या कलम ७९ खाली गुन्हा ठरतात आणि धमकीसाठी कलम ३५१ आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानुसार, महिला कर्मचाऱ्याला पोलिसांत जायचे असेल तर मालकाने तिला साहाय्य करायचे असते. छळ करणारा कंपनीबाहेरचा असला तरी ही जबाबदारी टळत नाही.

रेकॉर्डिंग ठरावीक मुदतीनंतर पुसली जातात. म्हणून पुढचा कॉल घेण्याआधी अहवाल लिहा आणि त्यातच "हे रेकॉर्डिंग जपून ठेवावे" अशी लेखी मागणी करा.