पगारातून कापलेला पीएफ खात्यात पोचला का?

कामगार पतसंस्थेच्या वार्षिक सभेत कर्जमर्यादा, लाभांश आणि जामीनदारांचा प्रश्न या तीन विषयांतच दुपार संपते. यंदा आमच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका संस्थेने ‘आयत्या वेळचे विषय’ घेण्याआधी मला भविष्य निर्वाह निधीवर, म्हणजे पीएफवर, थोडा वेळ बोलायला सांगितलं. समोर कायम कामगार होते आणि ठेकेदारांकडचेही होते. वेळ कमी असल्यामुळे मी एकच मुद्दा धरला: पगारातून कापलेला पीएफ खात्यात जमा होतोय की नाही, हे सभासदाने स्वतः पाहायचं. तिथे जे तुटक बोललो, ते इथे नीट मांडतो.

सुरुवात सोसायटीच्याच हप्त्यापासून केली. सभासदाच्या कर्जाचा हप्ता पगारातून कापून संस्थेकडे भरण्याची जबाबदारी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 49 प्रमाणे मालकावर येते. मालकाने हप्ता कापला आणि भरला नाही, तर सभासदाच्या खात्यावर थकबाकी दिसते, सोसायटीचा लिपिक विचारतो, जामीनदार घरी येतो. म्हणजे महिन्या-दोन महिन्यांत बोभाटा होतो. पीएफच्या बाबतीत असं विचारणारं कोणी नसतं. पैसे जमा झाले की मोबाइलवर संदेश येतो, पण जमा झाले नाहीत तर कामगाराला तसं कळवणारा संदेश येत नाही. आणि न आलेला संदेश कुणाच्या लक्षात राहतो? म्हणून वर्षानुवर्षं पगार घेणाऱ्या माणसाला आपलं खातं रिकामं आहे हे नोकरी सुटल्यावर किंवा मुलीच्या लग्नासाठी पैसे काढायला गेल्यावरच कळतं.

हा पैसा किती असतो ते एका उदाहरणाने पाहू. समजा, पॅकिंग विभागात ठेकेदाराकडे काम करणाऱ्या एका कामगाराचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 14,000 रुपये आहे. त्याच्या पगारातून 12 टक्के, म्हणजे 1,680 रुपये कापले जातात. मालकाने स्वतःच्या खिशातून तेवढेच 1,680 घालायचे असतात. मालकाच्या या वाट्यातले 8.33 टक्के, म्हणजे 1,166 रुपये, पेन्शन योजनेत जातात आणि उरलेले 514 रुपये कामगाराच्या पीएफ खात्यात जातात. एकूण 3,360 रुपये दरमहा. ज्या महिन्याचा पगार, त्याच्या पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत मालकाने ही रक्कम भरायची असते.

आता कामगाराच्या हातात पुरावा म्हणून काय येतं? पगाराची स्लिप येते. तिच्यावर ‘पीएफ 1,680’ असं छापलेलं असतं आणि बहुतेकांचा विश्वास तिथेच बसतो. पण स्लिप फक्त कापल्याचा पुरावा आहे, भरल्याचा नाही. कामगारांनी जोर लावलाच तर ठेकेदार चलन दाखवतो, कधी ते सूचना फलकावरही लावतो. चलन खरं असतं, शिक्काही खरा असतो, आणि तरी तुमचे पैसे भरलेले नसू शकतात. कारण चलनावर एकूण रक्कम असते, माणसांची नावं नसतात. 70 माणसं कामावर आणि चलन 40 जणांचं, हा प्रकार ठेकेदारीत जुना आहे. कुणाचे भरले ते ज्या विवरणपत्रात असतं, ते मालक ऑनलाइन भरतो आणि ते सहसा कामगारापर्यंत येत नाही. तुमच्या नावावर पैसे आले की नाही, हे सांगणारा कागद एकच: तुमचं पासबुक.

पासबुक पाहायला यूएएन लागतो, म्हणजे 12 आकडी खातेक्रमांक. तो स्लिपवर छापलेला असतो, नसेल तर ऑफिसातून मागून घ्यायचा. यूएएन चालू करून passbook.epfindia.gov.in या संकेतस्थळावर किंवा उमंग अॅपमध्ये पासबुक उघडता येतं. इतकं जमत नसेल तर नोंदवलेल्या मोबाइलवरून 9966044425 या क्रमांकावर मिस्ड कॉल द्यायचा. दोन रिंग वाजून फोन आपोआप कटतो आणि शेवटची जमा रक्कम व शिल्लक संदेशाने येते. किंवा `EPFOHO UAN MAR` असा एसएमएस 7738299899 वर पाठवला तर माहिती मराठीत येते. मिस्ड कॉलमधून शेवटचीच जमा कळते, मधले महिने गाळले आहेत का हे कळत नाही. त्यासाठी पासबुकच उघडावं लागतं.

इथे एक अडचण हमखास येते. काही ठेकेदार माणूस भरती करताना यूएएनला सुपरवायझरचा किंवा स्वतःच्या ऑफिसचा मोबाइल क्रमांक लावून टाकतात. मग संदेश तिकडे जातात आणि कामगाराच्या मिस्ड कॉलला उत्तर येत नाही. आपला मोबाइल क्रमांक खात्याला जोडलेला आहे का, हे सर्वांत आधी पाहावं.

पासबुकात मालकाचा वाटा, आपला वाटा आणि पेन्शनचा वाटा असे वेगळे रकाने असतात. प्रत्येक ओळीत `Cont. For Due-Month` असं लिहून पुढे महिना-वर्ष असतं. हा महिना पगाराचा नसून पैसे भरण्याचा असतो. जूनचा पगार असेल तर तिथे जुलै दिसतो. हे माहीत नसल्यामुळे अनेकजण ‘माझा एक महिना गायब आहे’ म्हणून घाबरतात. तसंच व्याज वर्ष संपल्यावर, बऱ्याचदा काही महिन्यांनी, चढतं. ते उशिरा दिसलं म्हणून मालकाला दोष देण्यात अर्थ नाही.

खरी खोट दोन ठिकाणी दिसते. पहिली म्हणजे ओळच नसणं. आपल्या उदाहरणातल्या कामगाराच्या सात महिन्यांच्या ओळी नाहीत असं धरू. सात गुणिले 3,360, म्हणजे 23,520 रुपये. त्यातले 11,760 त्याच्याच पगारातले. पण नुकसान एवढ्यावर थांबत नाही. मासिक पेन्शनसाठी किमान 10 वर्षांची सेवा लागते आणि सहा महिने किंवा त्याहून जास्तीचा तुकडा पूर्ण वर्ष धरला जातो. एखाद्याची सेवा 9 वर्षं 11 महिने असेल तर त्याचं काम होतं. त्यातले सात महिने नोंदीत नसले तर 9 वर्षं 4 महिने उरतात, आणि पेन्शन हवी असेल तर आधी ते सात महिने सिद्ध करत बसावं लागतं. तोवर ठेकेदार बदललेला असतो आणि स्लिपा पावसात भिजलेल्या असतात.

दुसरी खोट जास्त लपलेली असते: ओळ आहे, पण रक्कम कमी. पगार 14,000 आणि पीएफ भरला 9,000 वर. मग आपल्या वाट्यात 1,680 ऐवजी 1,080 दिसतात. दोन्ही वाटे मिळून महिन्याला 1,200 रुपयांचा फरक पडतो, वर्षाला 14,400. त्यातही स्लिपवर 1,680 कापलेले असतील तर ती सरळ लबाडी आहे. स्लिपवरही 1,080च असतील तर मालक उरलेले 5,000 ‘विशेष भत्ता’ वगैरे नावाने दाखवतो. सगळ्यांना सरसकट दिला जाणारा असा भत्ता पीएफसाठी पगारातच धरावा लागतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 28 फेब्रुवारी 2019 च्या निकालात सांगितलं आहे. मात्र ज्यांचा पगार 15,000 च्या वर आहे, त्यांचा पीएफ 15,000 या मर्यादेवर, म्हणजे 1,800 रुपये, कापला जात असेल तर ते नियमात बसतं. तिथे फसवणूक झाली असं समजू नये.

सभेत एका बाईंनी विचारलं, “साहेब, पण आम्ही बोललो तर उद्या गेटवरूनच परत पाठवतील.” ही भीती खरी आहे आणि ती नाकारून चालणार नाही. म्हणून एकेकट्याने बोलू नये. कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या संकेतस्थळावर आस्थापनेचं नाव किंवा कोड घालून शोध घेता येतो. कोणत्या महिन्याचे किती पैसे, कोणत्या तारखेला, किती कर्मचाऱ्यांसाठी भरले, हे तिथे दिसतं. त्यासाठी कुणाचंही लॉगिन लागत नाही. 70 माणसांच्या ठिकाणी 40चा आकडा दिसला की कुणा एकाचं नाव पुढे न करता युनियनला किंवा सगळ्यांना मिळून पत्र देता येतं. पत्र आधी ठेकेदाराला आणि मूळ कंपनीला द्यावं आणि पोच घ्यावी. मूळ कंपनीचं नाव घालणं महत्त्वाचं, कारण ठेकेदाराने पीएफ बुडवला तर ती जबाबदारी मूळ कंपनीवर येते. ‘ते आमचे कामगार नाहीत’ हे उत्तर कायद्यात चालत नाही. उत्तर आलं नाही तर epfigms.gov.in वर तक्रार नोंदवावी.

पगारातून कापलेला वाटा न भरणं ही नुसती थकबाकी नाही. कापलेली रक्कम मालकाकडे विश्वासाने ठेवलेली समजली जाते आणि ती न भरणं हा फौजदारी विश्वासघात ठरू शकतो. पूर्वी हे भारतीय दंड संहितेत होतं, 1 जुलै 2024 पासून ते भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 मध्ये आहे. पण कायदा कितीही कडक असला तरी तक्रारीला कागद लागतो: पगाराच्या स्लिपा, गेटपास, ईएसआयचं कार्ड, बँकेत पगार जमा झाल्याची नोंद. आणि वेळही लागते. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत थकबाकीची चौकशी सुरू करायला पाच वर्षांची मर्यादा घातली आहे. निवृत्तीच्या वर्षी पासबुक पहिल्यांदा उघडणाऱ्याच्या हातून बरेच महिने त्या मर्यादेपलीकडे गेलेले असतील.

मोठ्या कंपन्यांपैकी काहींचा पीएफ स्वतःच्या ट्रस्टमध्ये असतो. तिथल्या कामगारांना वरच्या संकेतस्थळावर पीएफची शिल्लक दिसणार नाही. त्यांनी ट्रस्टकडून वर्षाचा खातेउतारा लेखी मागावा.

पतसंस्थेच्या संचालकांना माझी एक विनंती आहे. कर्जाच्या अर्जासोबत पगाराची स्लिप मागताच, त्याबरोबर पासबुकाची प्रतही मागा. सभासदाला ते उघडावंच लागेल, आणि ज्याला जमत नाही त्याला संस्थेच्या ऑफिसात उघडून द्या. महिन्याच्या 27 तारखेला जिल्ह्याजिल्ह्यांत ‘निधी आपके निकट’ हा पीएफ कार्यालयाचा मेळावा भरतो. तिथे यूएएन, आधार आणि गेल्या सहा महिन्यांच्या स्लिपा घेऊन जा, शक्यतो चौघं-पाचजण मिळून जा.