‘बाळ सुस्त वाटतंय’ : एका टिपणाची बांधणी

नवजात अतिदक्षता विभागात, म्हणजे सगळे ज्याला ‘एनआयसीयू’ म्हणतात तिथे, एका बाळामागे चोवीस तासांत बराच कागद तयार होतो. सिस्टर दर तासाला हृदयाचे ठोके, श्वास, ऑक्सिजन आणि तापमान लिहितात. दूध किती पाजलं, लंगोट किती भरला याची नोंद वेगळ्या तक्त्यात होते. रात्रपाळीचे डॉक्टर येता-जाता दोन ओळी खरडतात. सकाळच्या राउंडला या सगळ्यातून पानभर टिपण करायचं असतं. ते घड्याळाच्या क्रमाने लिहीत नाहीत, शरीरसंस्थांच्या क्रमाने लिहितात : श्वसन, हृदय व रक्ताभिसरण, द्रव व पोषण, पचनसंस्था, रक्त व कावीळ, जंतुसंसर्ग, मेंदू. असं का, आणि ही पद्धत कुठे तोकडी पडते, हे एका रात्रीवरून पाहू. यातलं बाळ उदाहरणासाठी रचलेलं आहे. त्याच्या नोंदी मात्र अशा विभागात नेहमी भेटणाऱ्या आहेत.

या विचारामागे एक जुनी तक्रार आहे. लॉरेन्स वीड या अमेरिकन डॉक्टरांनी 1968 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ती मांडली. रुग्णाचे कागद कोणी लिहिले यानुसार लावलेले असतात. रुग्णाला काय झालंय यानुसार लावलेले नसतात. त्यामुळे एकाच दुखण्याचे तुकडे वेगवेगळ्या गठ्ठ्यांत पडून राहतात. वीड यांचा आग्रह होता की नोंदी समस्येनुसार लावाव्यात. दिवस पूर्ण भरण्याआधी जन्मलेल्या बाळाची अडचण अशी, की त्याची जवळजवळ प्रत्येक संस्था अपुरी वाढलेली असते. म्हणून समस्यांची यादी करण्यापूर्वी ठरलेल्या संस्थांची फेरी पूर्ण करायची. एखादा रकाना रिकामा राहिला, तर तो रिकामा आहे हे तरी दिसतं.

आपलं बाळ 28 आठवडे 3 दिवसांचं असताना जन्मलं. जन्मवजन 1100 ग्रॅम. आज जन्मानंतरचा नववा दिवस, म्हणजे गर्भकाळ धरून वय 29 आठवडे 5 दिवस. कालचं वजन 1065 होतं, आज 1080 आहे. टिपणाची पहिली ओळ हीच असते. जन्मवजन परत गाठेपर्यंत औषधं आणि द्रव यांचा हिशेब बहुधा जन्मवजनावरच करतात, म्हणून कोणतं वजन धरलं तेही तिथेच लिहायचं.

आता रात्रीच्या नोंदी पाहू. बारा वाजता श्वास थांबला, थोपटल्यावर सुरू झाला. दीड वाजता डॉक्टरांनी ऑक्सिजन 25 वरून 30 टक्के केला. 2:40 ला पुन्हा श्वास थांबला, ठोके 70 वर आले. चार वाजता दुधाआधी नळीतून 4 मिली हिरवट द्रव आला, म्हणून दूध थांबवलं. पाच वाजता तिसऱ्यांदा श्वास थांबला. सहा वाजता पोटाचा घेर 24 सेंटिमीटर, काल 22 होता; याही वेळी दूध नाही. सात वाजता डॉक्टरांची नोंद : ‘पोट मऊ, बाकी ठीक.’ आणि साडेसहाच्या सुमारास तक्त्याच्या कडेला सिस्टरनी मराठीत लिहिलेलं : ‘बाळ सुस्त वाटतंय, नेहमीसारखं रडत नाही.’

पहिला रकाना श्वसनाचा. नाकातून सौम्य दाब देणारं सीपॅप चालू, दाब 5, ऑक्सिजन 25 वरून 30 टक्के. नुसतं ‘ॲप्निया 3’ लिहून भागत नाही. वेळा लिहायच्या, ठोके उतरले का ते लिहायचं, बाळ आपोआप सावरलं की थोपटावं लागलं तेही लिहायचं. शिवाय काल असे प्रसंग किती होते? शून्य. आकडा एकटा बोलत नाही. तो कालच्या आकड्याशेजारी ठेवला की बोलतो.

द्रव आणि पोषण या रकान्यात सर्वांत जास्त चुका होतात, कारण ‘ठरवलेलं’ आणि ‘दिलेलं’ यांची गल्लत होते. ठरलं होतं दर दोन तासांनी 9 मिली दूध, म्हणजे 108 मिली, आणि शिरेतून 48 मिली. एकूण 156, जन्मवजनाच्या 1.1 किलोने भागलं की किलोमागे सुमारे 142 मिली. पण शेवटची दोन दुधं दिलीच नाहीत. खरं दूध 90, एकूण 138, म्हणजे किलोमागे सुमारे 125. डॉक्टरांच्या आदेशाच्या कागदावरून उतरवलं तर 142 येतं, सिस्टरच्या तक्त्यावरून केलं तर 125. टिपणात दुसरा आकडा जायला हवा. लघवी लंगोट वजन करून मोजतात, एक ग्रॅम म्हणजे एक मिली धरून. 66 मिली भागिले 24 तास, भागिले 1.1, म्हणजे किलोमागे तासाला 2.5. हे ठीक आहे. लंगोटात शी मिसळली असेल, तर मात्र हा आकडा फसवा असतो आणि तसं लिहावं लागतं.

पचनसंस्थेच्या रकान्यात दोन नोंदींचं भांडण आहे. सिस्टर म्हणतात घेर 2 सेंटिमीटरने वाढला. डॉक्टर म्हणतात पोट मऊ. इथे मधला मार्ग काढायचा नाही, कोणाचं पद मोठं तेही पाहायचं नाही. दोन्ही नोंदी वेळेसह ठेवायच्या आणि राउंडला पोट पुन्हा तपासायचं. कालच्या टिपणातलं ‘दूध पचतंय’ हे वाक्य आज तसंच उतरवलं जाणं, हा या रकान्यातला नेहमीचा अपघात.

तापमान सरळ रेषेत दिसतं : रात्रभर 36.7. पण बाळ अशा इन्क्युबेटरमध्ये आहे, जो त्वचेचं तापमान स्थिर राखण्यासाठी आतली हवा स्वतःच कमी-जास्त तापवतो. त्या हवेच्या तापमानाचा वेगळा स्तंभ असतो, आणि तो 33 वरून 35 वर चढला आहे. बाळ थंड पडू पाहत होतं. यंत्राने ते झाकलं.

आता पद्धतीचा तोकडेपणा दिसतो. श्वसनाच्या रकान्यात तीन ॲप्निया. एवढ्या कोवळ्या बाळाला ते होतातच. पचनात थोडा हिरवा द्रव. तापमान सामान्य. प्रत्येक रकाना स्वतःपुरता निभावून नेता येतो, आणि सातही रकाने नीट भरूनही बाळाचं आजारपण कुठेच लिहिलं जात नाही. म्हणून शेवटी सगळे तुकडे पुन्हा एकत्र आणणारा एक परिच्छेद हवा. इथे तो असा : ‘काल स्थिर असलेल्या बाळात सहा तासांत नवे ॲप्निया, वाढलेली ऑक्सिजनची गरज, हिरवट द्रव, फुगणारं पोट, इन्क्युबेटरची वाढती गरज आणि सुस्ती. जंतुसंसर्गाचा संशय, आतड्याला सूज येऊन ते सडू लागण्याचा आजार, म्हणजे नेक्रोटायझिंग एन्टरोकोलायटिस, असण्याची शक्यता.’ मग पुढचं आपोआप येतं : दूध बंद, नळी उघडी, पोटाचा एक्स-रे, रक्ताचं कल्चर आणि त्यानंतर लगेच प्रतिजैविकं. कल्चर आधी घ्यायचं, कारण औषधानंतर घेतलेल्या रक्तात जंतू न वाढण्याची शक्यता असते. सीआरपीची पहिली तपासणी सामान्य आली तरी निर्धास्त व्हायचं नाही. ती चढायला काही तास लागतात.

उरली ती कडेची मराठी ओळ. तिला एकक नाही, स्तंभ नाही, आणि टिपण इंग्रजीत असल्यामुळे ती सहज गळते. अनेकदा तिच्या जागी ठरावीक शब्द बसतात : ‘बाळ सक्रिय.’ पण जंतुसंसर्ग झालेल्या नवजात बाळात सर्वांत आधी बदललेलं काय असतं, तर पुष्कळदा तेच, जे रात्रभर शेजारी बसलेल्या माणसाला जाणवतं. तिची जागा मेंदूच्या रकान्यात आहे : ‘सिस्टरची नोंद, 6:30 : बाळ सुस्त वाटतंय, नेहमीसारखं रडत नाही.’ तिच्याच शब्दांत, वेळेसह. ‘नेहमीसारखं’ या एका शब्दात मागच्या आठ रात्री आहेत, आणि त्या दुसऱ्या कोणत्याही कागदावर नाहीत.