सही : चार फटक्यांत बसवलेली

गेल्या सत्रात बारावीच्या एका कॅडेटची पैसे काढण्याची स्लिप बँकेने परत केली. कारण एका ओळीचे होते : सही जुळत नाही. खाते त्याने पंधराव्या वर्षी उघडले होते आणि तेव्हा नमुन्याच्या कार्डावर सुवाच्य, शाळकरी अक्षरात पूर्ण नाव लिहिले होते. मधल्या तीन वर्षांत त्याची सही बदलत बदलत एक वेटोळे आणि त्याखाली दोन रेघा एवढीच उरली होती. बिचाऱ्याने काउंटरवर उभे राहून पाच वेळा सही केली आणि पाचही निराळ्या आल्या. कारकुनाचे काही चुकले असे मला वाटत नाही. समोरचा मुलगा तोच आहे हे त्याला दिसत होते, पण कागदावर ते दिसत नव्हते. घर दीड हजार किलोमीटरवर आणि पैसे भरायला दोन दिवस उरलेले. शेवटी वडिलांनी दुसऱ्या मार्गाने पैसे पाठवले म्हणून निभावले.

त्यानंतर तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, “सर, मला एक चांगली सही बनवून द्या.” सही दुसऱ्याने बनवून देता येत नाही, हे मी त्याला सांगितले. पण ती कशी बसवायची हे दाखवता येते. आम्ही दोघांनी मिळून जे केले तेच इथे लिहितो आहे. त्याचे खरे नाव छापणार नाही. उदाहरणासाठी ‘रोहन सावंत’ हे नाव घेऊ, म्हणजे अक्षरांबद्दल नेमके बोलता येईल.

पहिला प्रश्न लिपीचा. आपल्या शाळेतली मराठी मुले वर्गात इंग्रजीत सही करतात, घरच्या पत्रावर मराठीत आणि अर्जावर त्या दिवशी जे सुचेल त्यात. बँकेला तिन्हींपैकी कोणतीही चालते, पण एकच. आम्ही देवनागरी निवडली. त्याचा हात देवनागरीत जास्त मोकळा चालत होता, एवढेच कारण. ज्याचा हात इंग्रजीत चालतो त्याने इंग्रजी घ्यावी, त्यात कमीपणा काही नाही.

मग त्याला दोन दिवसांत वीस सह्या करायला सांगितल्या. काही टेबलावर बसून, काही उभ्याने क्लिपबोर्डवर, काही सकाळच्या पीटीनंतर हात थरथरत असताना. नीट काढायच्या नाहीत, भराभर करायच्या. वीसही सह्या एका कागदावर एकाखाली एक आल्यावर पाहायचे ते हे : प्रत्येक वेळी काय टिकले? त्याच्या बाबतीत दोनच गोष्टी टिकल्या होत्या. पहिल्या ‘र’चा तिरका पाय तो नेहमी लांब ओढत होता, आणि अखेरच्या ‘त’चा काना ओळीच्या खाली जात होता. बाकी सगळे दर वेळी बदलत होते. या दोन गोष्टी म्हणजे त्याच्या हाताची खोड आणि नव्या सहीचा सांगाडा. जे हाताला आपोआप येते त्यावर सही उभी केली, तर ती घाईतही टिकते. कुणा नटाची किंवा क्रिकेटपटूची सही पाहून घेतलेले वळण घाईत पहिले गळून पडते.

देवनागरीची अडचण अशी की ती वाहती लिपी नाही. ‘रोहन सावंत’ शाळेत शिकवल्याप्रमाणे लिहून पाहा आणि पेन किती वेळा उचलले ते मोजा. काने, मात्रा, अनुस्वार आणि दोन शिरोरेषा धरून आमच्या मोजणीत ते पंधराच्या वर गेले. पेन उचलून पुन्हा टेकवले की ते किंचित निराळ्या जागी टेकते. पंधरा वेळा टेकवले तर पंधरा ठिकाणी फरक पडण्याची सोय झाली.

आपल्याच पूर्वजांनी या अडचणीवर उपाय काढला होता, तो म्हणजे मोडी. मोडी लिहिणारा आधी ओळभर शिरोरेषा ओढून घेई आणि मग बोरू शक्यतो न उचलता अक्षरामागून अक्षर गाठींनी जोडत जाई. एका अक्षराचा शेवट वर वळून पुढच्या अक्षराची सुरुवात होई. कुणाच्या घरी आजोबा-पणजोबांचे जुने खरेदीखत असेल तर सुट्टीत त्यावरची मोडी सही जरूर पाहा. वाचता आली नाही तरी हाताची लय दिसते. आपल्याला मोडी लिहायची नाही, ती जोडण्याची रीत तेवढी उचलायची आहे.

आता प्रत्यक्ष बांधणी. पूर्ण नाव लांब होत होते, म्हणून ‘रो’ आणि ‘सावंत’ एवढेच ठेवले. पहिला फटका ‘रो’चा : ‘र’ काढून त्याचा तिरका पाय लांब ओढायचा, तिथूनच एक लांबट गाठ घेत वर जायचे आणि काना खाली आणायचा. पेन उचलायचे नाही.

दुसरा फटका ‘सावंत’चा. ‘स’ची सुरुवात ‘र’सारखीच असते, त्यामुळे पहिले वळण इथे पुन्हा येते आणि हाताला ओळखीचे वाटते. त्याच्या पायापासून छोटी गाठ घेऊन मधली आडवी रेघ, मग ‘स’चा काना, तळाशी वळून वर जात दुसरा काना, पुन्हा तसेच वर जाऊन ‘व’चा काना. त्याच्या तळापासून डावीकडे वळून ‘व’चे पोट काढायचे आणि ती रेघ काना ओलांडून उजवीकडे न्यायची, म्हणजे तीच ‘त’ची आडवी रेघ होते. तिथे एक छोटा झोल दिला की ‘त’ झाला. मग वर जाऊन शेवटचा काना, ओळीच्या बराच खाली.

इथे पहिल्या प्रयत्नात एक दोष निघाला. या नावात पाच काने आहेत आणि भराभर लिहिताना ते पाचही सारखे उभे राहिले. नाव वाचता येईना, सही कुंपणासारखी दिसू लागली. वर हे कुंपण कुणालाही काढता आले असते. म्हणून उंच्या बदलल्या : ‘रो’चा काना आडनावातल्या कान्यांच्या दुप्पट उंच, मधले तीन आखूड, शेवटचा खाली गेलेला. एवढ्याने सहीला चेहरा आला.

तिसरा फटका मला स्वतःला सर्वांत आवडतो. ‘रो’ची मात्रा वरून तिरकी खाली येते आणि कान्याच्या डोक्याला टेकते. तिथे न थांबता पेन थोडे खाली उतरवून उजवीकडे न्यायचे, म्हणजे मात्रा आणि ‘सावंत’ची शिरोरेषा एकाच फटक्यात होतात. ‘र’ मात्र बिनरेषेचा राहतो. चौथा फटका म्हणजे अनुस्वाराचा ठिपका. पंधराचे चार झाले.

सराव कसा करायचा याबद्दल मुलांची समजूत उलटी असते. सही एकसारखी यावी म्हणून ती हळूहळू, जपून काढतात. जपून काढलेली रेघ थरथरते, मध्येच थांबते, आणि तिचे टोक बोथट होते. संशयित दस्तऐवज तपासणारे तज्ज्ञ बनावट सहीत शोधतात त्याच या खुणा. खऱ्या सहीत पेन हवेतून कागदावर उतरते आणि चालता चालताच निघून जाते, त्यामुळे रेघेची टोके उंदराच्या शेपटीसारखी निमुळती असतात. म्हणून वेग हवा, पण ठरावीक वेग. ड्रिलमध्ये पाय एकत्र पडतात ते प्रत्येकाने पायाकडे पाहिल्यामुळे नाही, ताल एक असल्यामुळे. आम्ही चार फटक्यांना चार मोजण्या दिल्या, दुसरी थोडी लांब. सगळी सही तीन-चार सेकंदांत. रोज दहाच, पण महिनाभर. एका बैठकीत दोनशे केल्या तर हात थकतो आणि शेवटच्या शंभरांत नको ती सवय लागते.

दर रविवारी तीन सह्या तीन पातळ कागदांवर करून खिडकीच्या काचेवर एकावर एक धरायच्या. त्या तंतोतंत जुळायला नकोत. माणसाच्या दोन सह्या कधीच तंतोतंत एक नसतात आणि दोन अगदी एक निघाल्या तर तपासणाऱ्याला त्या ट्रेस केल्याचा संशय येतो. आकार थोडा लहानमोठा चालतो. जुळायला हवीत ती प्रमाणे : उंच काना आणि आखूड काने यांचे नाते, सगळ्या सहीचा कल, शिरोरेषा ‘त’च्या डोक्यावर संपते की पुढे जाते. आमची रेषा दोन आठवडे कधी आधी संपे, कधी पुढे जाई. तिला ‘त’च्या किंचित पुढे नेऊन सोडायचे ठरवले तेव्हा ती स्थिर झाली.

वेगळेपणाची परीक्षा शेजारच्या खाटेवरच्या मित्राने घेतली. त्याला सही पाच मिनिटे पाहू दिली आणि नक्कल करायला सांगितली. खाली गेलेला काना त्याने लगेच उचलला, कारण तो डोळ्यात भरतो. ‘र’च्या पायापासून कान्यापर्यंतची गाठ आणि मात्रेचे रेषेत उतरणे मात्र त्याला जमले नाही. दोन्ही ठिकाणी त्याने पेन उचलले आणि तिथे सांधा दिसला. सहीखाली नागमोडी रेघा आणि ठिपके देणाऱ्यांनी हा प्रयोग जरूर करावा. नक्षी आधी चोरली जाते.

शेवटची चाचणी आकाराची. अर्जावरच्या चौकटी लहान असतात आणि स्कॅन केलेली सही आणखी लहान होते. पाच सेंटिमीटर लांब आणि दोन सेंटिमीटर उंच चौकटीत काळ्या बॉलपेनने सही केली तेव्हा ‘स’ची गाठ शाईने भरून गेली. ती गाठ थोडी उघडी ठेवावी लागली.

पालकांसाठी दोन गोष्टी. अल्पवयीन मुलाच्या पॅन कार्डावर त्याची सही नसते, ती अठरानंतर नव्याने द्यावी लागते. बँकही अठरा पूर्ण झाल्यावर खातेदाराचा नवा नमुना घेते. तेव्हा अकरावीच्या सुट्टीतच सही बसवून घेतली तर दोन्हीकडे एकच जाईल. मधेच सही बदललीच, तर बँकेत जाऊन नवा नमुना द्यावा लागतो. तोवर जुनीच सही चालते, म्हणून जुनी विसरून चालत नाही.

आमच्या कॅडेटने वाढदिवसानंतरच्या सोमवारी बँकेत जाऊन नवा नमुना दिला. त्याच कारकुनाने तीन सह्या करून घेतल्या, तिन्ही पाहिल्या आणि मग तिसरीवर बोट ठेवले. अनुस्वार राहिला होता.